नमस्कार करा आणि चालू लागा

मंत्रालयात नव्यानं रुजू झालेल्या सहायक कक्ष अधिकाऱ्याची आणि राज्याच्या मुख्य सचिवांची गाठ कामाच्या रीतीप्रमाणं पडायचं कारण नसतं. त्यानं लिहिलेली टिपणी मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते. ती आधी कक्ष अधिकाऱ्याकडे जाते, तिथून अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, मग विभागाचे सचिव, आणि विषय तेवढा मोठा असेल तर मुख्य सचिव. प्रत्येक पायरीवर सही होते, कुठं शेरा पडतो, कुठं ‘चर्चा करावी’ असं लिहून नस्ती खाली येते. टिपणी अशी वरखाली फिरते, ती लिहिणारा आपल्या कार्यासनावरच असतो. वर्षानुवर्षं ज्यांच्या सहीखाली आपण काम करतो त्यांना आपण समोरासमोर पाहिलेलंच नसतं, असं सांगणारे कितीतरी जण मला नोकरीत भेटले.

ही सगळी उतरंड एकाच ठिकाणी बाजूला पडते, ते ठिकाण म्हणजे कॉरिडॉर. लिफ्टचं दार उघडतं, कोपरा वळतो, आणि ज्यांचं नाव फक्त शासन निर्णयाखाली वाचलेलं असतं ते गृहस्थ किंवा त्या बाई दहा-पंधरा पावलांवरून समोर येत असतात. शेजारी कक्ष अधिकारी नाहीत, हातात भेटीची वेळ नाही, बोलायला विषय नाही. नव्या माणसाची अशा वेळी जी धांदल उडते, ती मी खूप वर्षं पाहिली आहे. कुणी खिशातून मोबाइल काढून त्यात डोकं घालतं, कुणी सूचनाफलक वाचायला लागतं, कुणी तर आल्या पावली वळून जिन्याकडे जातं. दुसऱ्या टोकाला, फायली काखेत दाबून कमरेत वाकणारेही असतात. दोन्हींचं मूळ एकच आहे: या चार-सहा सेकंदांत नेमकं काय करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून ते इथं तपशिलात सांगतो.

आधी समोरून येणाऱ्या माणसाची बाजू पाहू, कारण नमस्कार कसा असावा हे तिच्यावर ठरतं. मंत्रालयाचा कॉरिडॉर ही नुसती ये-जा करायची जागा नाही, ती मागणीची जागा आहे. सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारी दोननंतर प्रवेश मिळतो, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली माणसं हातात निवेदनं घेऊन मजल्यामजल्यांवर उभी राहतात. कुणाची बदली, कुणाचं अनुदान, कुणाच्या संस्थेची मान्यता. सचिव दालनाबाहेर पडले की ‘साहेब, एक मिनिट’ हे शब्द त्यांच्या कानावर पडणारच. मंत्रिमंडळाची बैठक असली की त्यात पत्रकार आणि कार्यकर्ते यांची भर पडते. सहाव्या मजल्यावर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाकडे निघालेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात आपण तिथं काय सांगायचं याची जुळवाजुळव चाललेली असते, आणि वाटेत भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी मागणारा असतो. त्यामुळं समोरून कुणी डोळ्याला डोळा भिडवून जवळ येऊ लागलं की हा अधिकारी मनातून सावध होतो. आता हा काय काढणार?

तुमच्या नमस्काराला याच सावधपणाशी गाठायचं असतं. ज्या नमस्कारामागून काहीच येत नाही, ना विनंती, ना ओळख, ना फोटो, तो त्या माणसाला सुटका देतो. थोडक्यात केलेला नमस्कार उगाच आखडता घेतलेला वाटतो, असं नव्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या जागी थोडक्यात असणं हाच आदराचा मोठा भाग आहे. ‘तुमचा वेळ तुमचा आहे, मी तो घेत नाही,’ हे त्यातून न बोलता कळतं.

आता वेळेचं गणित करू. माणूस घरात किंवा कार्यालयात साधारण चालीनं चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे साडेचार फूट अंतर तोडतो. दोघं समोरासमोर चालत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला नऊ फुटांनी कमी होतं. म्हणजे साठ फुटांवर एकमेकांना पाहिलं, तर सात सेकंदांच्या आत तुम्ही एकमेकांना ओलांडून गेलेले असता. ‘नमस्कार सर’ म्हणायला एक सेकंद लागतो, आणि ऐकून मान हलवायला समोरच्याला आणखी अर्धा-पाऊण सेकंद हवा. म्हणून शब्द तोंडातून निघायला हवा तो बारा ते पंधरा फुटांवर. त्याआधी म्हटलं तर हाक मारल्यासारखं होतं आणि साहेब थांबतात. त्यानंतर म्हटलं तर तो त्यांच्या पाठीला ऐकू जातो, आणि ते अर्धवट वळून ‘काय म्हणालात?’ असं विचारतात. पाठीमागून गेलेला नमस्कार हा सगळ्यांत जास्त घडणारा प्रकार आहे. त्याचं कारण उद्धटपणा नसतो, धीर होईना म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत थांबणं हे असतं.

मग पहिल्या पाच सेकंदांत काय करायचं? इथंच बहुतेकांची पंचाईत होते, कारण साठ फुटांवरून एखाद्याकडे टक लावून चालत येणं दोघांनाही अवघड जातं. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोन संशोधकांनी एका वाढदिवसाच्या मेजवानीला आलेल्या माणसांचं चित्रीकरण करून, माणसं एकमेकांना अभिवादन कशी करतात ते बारकाईनं पाहिलं. त्यांचा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं: माणसं एकमेकांना दिसतात, लांबूनच एक हलकी खूण होते, म्हणजे मान किंचित हलते किंवा भुवया उंचावतात, आणि मग जवळ येताना दोघंही नजर दुसरीकडे वळवतात. अगदी जवळ आल्यावर पुन्हा नजरानजर होते आणि खरं अभिवादन होतं. मधली नजर काढून घेणं हा त्या क्रियेचाच भाग असतो. ओळख नसलेली माणसं रस्त्यात एकमेकांच्या जवळून जातात तेव्हाही असंच काही होतं, असं समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. सुमारे आठ फुटांपर्यंत पाहायचं आणि मग नजर खाली घ्यायची, अशी ती रीत.

ही निरीक्षणं अमेरिकेतली आहेत, पण आपल्याकडच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून पाहिलं तर घडतं ते फार वेगळं नाही. म्हणून नव्या माणसाला मी सांगत असे: दिसल्याबरोबर मोबाइल खाली घ्या आणि आपली चाल थोडी हळू करा. साहेबांचं लक्ष तुमच्याकडे गेलं असेल तर मान जराशी हलवा, गेलं नसेल तर काही करू नका. मग नजर समोर, त्यांच्या खांद्यापलीकडे असू द्या. भिंतीच्या बाजूला सरका, मधली वाट त्यांना मोकळी राहू द्या. पंधरा फुटांच्या आसपास त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा, ‘नमस्कार सर’ म्हणा, आवाज शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलताना असतो तेवढा, आणि चालत राहा. थांबू नका. तुम्ही थांबलात की त्यांनाही थांबावं लागतं, निदान थांबावं का असा प्रश्न पडतो. वाट इतकी अरुंद असेल की दोघांना एकदम जाता येणार नाही, तेव्हा मात्र बाजूला उभं राहून त्यांना पुढं जाऊ द्यायचं.

हाताचा प्रश्न राहतो. हात मोकळे असतील तर छातीपाशी जोडावेत, क्षणभर, आणि खाली घ्यावेत. मंत्रालयात हात मोकळे असण्याचा योग कमी. ई-ऑफिस आलं तरी विधानमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधी सूचनांची निवेदनं, त्यांची पुरवण्या-परिशिष्टं असे गठ्ठे हातात असतातच. अशा वेळी गठ्ठा एका काखेत कोंबून एका हातानं अर्धा नमस्कार करण्याची घाई करू नये. कागद घसरतात, आणि मग साहेबच वाकून उचलायला लागतात, हे मी घडताना पाहिलं आहे. हात भरलेले असले की मान आणि शब्द पुरेसे असतात. हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढं करायचा नाही, तो ज्येष्ठांनी केला तर करायचा. पायाला हात लावायचा तर प्रश्नच नाही. घरात, गुरूंपुढं, वारीत ती आपली रीत आहे आणि ती तिथं शोभते. कार्यालयातलं नातं पदांचं आहे, आणि वाकलेल्या माणसाला उचलून उभं करण्याची वेळ वरिष्ठावर, तीही दहा जणांदेखत, आणणं त्यांना अवघड करतं. खाकी वर्दीतले सुरक्षारक्षक सावधान होऊन ‘जय हिंद सर’ म्हणतात ते त्यांच्या दलाच्या शिस्तीनं. साध्या कपड्यातल्या कर्मचाऱ्यानं त्यांची नक्कल करून सलाम ठोकण्याचं कारण नाही.

शब्द कोणता, याला महाराष्ट्रात जरा खोली आहे. आपल्याकडे राम राम आहे, जय भीम आहे, जय महाराष्ट्र आहे, जय जिजाऊ आहे, आदाब आणि सलाम आहे. प्रत्येकामागं माणसाची श्रद्धा, चळवळ, घर उभं असतं. शासनानंही यात लक्ष घातलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालेल्या शासन निर्णयात सरकारी कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं असं सुचवलं होतं. त्यावर तेव्हा उलटसुलट चर्चाही झाली. माझं मत असं, की ज्याच्या तोंडी जे अभिवादन रोजचं आहे ते त्यानं ओळखीच्या माणसाशी जरूर वापरावं, वरिष्ठ असले तरी. पण पहिल्यांदाच भेटणाऱ्या, अगदी वरच्या पदावरच्या माणसाला ‘नमस्कार’ बरा, कारण त्याला उत्तर देताना समोरच्याला काहीही निवडावं लागत नाही. नुसती मान हलवली तरी उत्तर पूर्ण होतं. आणि त्या पदावरच्या माणसानं स्वतः ‘जय भीम’ किंवा ‘राम राम’ म्हटलं, तर तेच शब्द परत द्यावेत, त्यात आपलेपणा आहे.

‘सर’ की ‘साहेब’? मंत्र्यांना ‘साहेब’ म्हणण्याची रीत पक्की आहे. सचिवांना त्यांच्यामागं ‘साहेब’ म्हणतात आणि तोंडावर बहुधा ‘सर’. दोन्ही चालतं. मंत्र्यांना त्यांच्या मतदारसंघातले लोक दादा, भाऊ, ताई म्हणतात, ते ऐकून कर्मचाऱ्यानं तसं म्हणू नये, ती जवळीक त्या लोकांनी कमावलेली असते. महिला अधिकाऱ्यांना ‘मॅडम’. इथं एक खोड सांगायलाच हवी, कारण ती मला फार खुपते. वरिष्ठ महिला अधिकारी आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हाताखालचे पुरुष अधिकारी असे चालत आले, की कित्येक जण नमस्कार पुरुषाला करतात. महाराष्ट्राच्या मुख्य सचिवपदी पहिली महिला, सुजाता सौनिक, आली ती ३० जून २०२४ ला. राज्य स्थापन होऊन चौसष्ट वर्षं झाली होती. इतकी वर्षं नजरेला जी सवय लागली ती एकदम जात नाही हे खरं, पण नजरेला ती सवय आहे हे तरी माहीत असावं. चौघं एकत्र येत असतील तर नमस्कार सर्वांत ज्येष्ठ पदावरच्या व्यक्तीकडे पाहून करायचा. त्या कोण, हे ठाऊक नसेल तर सगळ्यांकडे मिळून एकदा मान लववून ‘नमस्कार’ म्हणावं आणि ‘सर’, ‘मॅडम’ गाळावं.

आमच्या मजल्यावर एक नाईक होते. सचिवांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसत. त्यांचं अभिवादन पाहण्यासारखं होतं. दार आतून उघडल्याचा आवाज आला की ते उठून उभे राहत, स्टूल पायानं मागं सरकवत म्हणजे वाट मोकळी होई, आणि साहेब उंबरठ्यावर आले की ‘नमस्कार सर’ एवढंच म्हणत. त्याच क्षणी त्यांची नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून निघून लिफ्टकडे जाई, लिफ्ट कुठं आहे ते पाहायला. साहेब गेले की ते बसत. दिवसात साहेब पाच वेळा बाहेर पडले तर पहिल्या वेळी शब्द, बाकीच्या चारही वेळी फक्त उभं राहणं. बाहेरगावचे लोक ‘साहेबांना आमचं सांगा’ म्हणून त्यांच्यामागं लागत, पण उभं राहून नमस्कार करण्याची ती संधी त्यांनी कुणाचं काही सांगायला वापरलेली मी पाहिली नाही. त्या दालनात सचिव बदलत गेले, आणि प्रत्येक नवे सचिव पहिल्या काही दिवसांतच त्यांना नावानं हाक मारू लागत.

त्यांच्या रीतीतली एक गोष्ट नव्यांना हमखास चुकते: दुसरी भेट. सकाळी नमस्कार झाला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा गाठ पडली, चार वाजता तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी ‘नमस्कार सर’ म्हटलं की चौथ्या वेळी साहेबांनाच हसू येतं. दुसऱ्यांदा हलकी मान, तिसऱ्यांदा वाट देणं एवढं पुरे. आणि काही वेळा तर पहिल्यांदासुद्धा काहीच करायचं नसतं. साहेब फोनवर बोलत असतील, मंत्र्यांबरोबर बोलत चालले असतील, प्रसाधनगृहात भेटले असतील, किंवा एखाद्या बैठकीतून चेहरा उतरवून बाहेर पडत असतील, तर वाट द्यावी आणि गप्प राहावं. फोनवरच्या माणसाला केलेल्या नमस्काराला उत्तर द्यायचं तर त्याला पलीकडच्याचं बोलणं तोडावं लागतं. लिफ्टमध्ये गाठ पडली तर आत शिरताना एकदा नमस्कार, मग पुढं दाराकडे तोंड करून शांत उभं राहणं. चार मजल्यांच्या प्रवासात हवापाण्याच्या गप्पा काढण्याची जबाबदारी कनिष्ठाची नाही.

उत्तर आलं नाही तर? हे होतंच. नवा माणूस जागेवर परत येऊन दिवसभर तेच उगाळत बसतो: साहेब रागावले की काय, माझी टिपणी आवडली नाही की काय. बहुतेक वेळा त्यांनी पाहिलेलंच नसतं. डोक्यात आकडे असतात, कानात छोटं इअरफोन असतं, चष्मा वाचायचा असतो. पुन्हा मोठ्यानं नमस्कार करू नये, मागून जाऊन तर मुळीच नाही. एकदा केलेला नमस्कार झालेला असतो.

आता सगळ्यांत अवघड भाग: साहेब थांबतात. समजा एक तरुण सहायक कक्ष अधिकारी आहे, स्पर्धा परीक्षेतून आलेली, रुजू होऊन सहा महिने झालेली. हातात दोन नस्त्या घेऊन ती उपसचिवांकडे निघाली आहे. समोरून तिच्याच विभागाचे अपर मुख्य सचिव येतात. ती वाट देते, पंधरा फुटांवर ‘नमस्कार सर’ म्हणते. ते मान हलवतात, दोन पावलं पुढं जातात आणि थांबून विचारतात, ‘तुम्ही आपल्याकडेच ना? कोणत्या कार्यासनावर?’

इथं उत्तर एका वाक्याचं असावं: नाव, पद, कार्यासन. ‘सर, मी अमुक, सहायक कक्ष अधिकारी, कार्यासन चार.’ गाव, बॅच, परीक्षेतला क्रमांक यातलं काही विचारलेलं नाही, म्हणून सांगायचं नाही. समजा ते पुढं म्हणाले, ‘मग त्या वसतिगृहाच्या प्रस्तावाचं काय झालं? तो तुमच्याकडेच आहे.’ आता मोह दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे चाचपडत ‘पाहते सर’ म्हणून निसटणं. दुसरा म्हणजे, इतके दिवस आत साठलेलं सगळं बोलून टाकणं: वित्त विभागानं कसा आक्षेप घेतला, आयुक्तालयाकडून माहिती कशी येत नाही, कक्ष अधिकाऱ्यांनी नस्ती किती दिवस ठेवली. ती म्हणते ते असं असावं: ‘सर, वित्त विभागाच्या शेऱ्यावर आयुक्तालयाकडून माहिती मागवली आहे, अजून आलेली नाही.’ जेवढं खात्रीनं ठाऊक आहे तेवढं. ठाऊक नसेल तर ‘सर, नस्ती पाहून कक्ष अधिकाऱ्यांमार्फत सादर करते.’ तारीख कबूल करायची नाही, कारण ती पाळणं तिच्या एकटीच्या हातात नाही. आणि कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही, कारण त्या माणसाला तिथं आपली बाजू मांडता येत नाही.

साहेब ‘बरं’ म्हणून पुढं जातात. तिचं काम मात्र संपलेलं नाही. जागेवर गेल्याबरोबर तिनं आपल्या कक्ष अधिकाऱ्यांना सांगायला हवं: ‘साहेबांनी कॉरिडॉरमध्ये वसतिगृहाच्या प्रस्तावाबद्दल विचारलं, मी असं असं सांगितलं.’ त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. हे का महत्त्वाचं, ते कचेरीत काम केलेल्याला चटकन उमगेल. संध्याकाळच्या बैठकीत अपर मुख्य सचिव उपसचिवांना म्हणतात, ‘त्या प्रस्तावाची माहिती आयुक्तालयाकडून आली नाही म्हणे.’ उपसचिवांना ठाऊक नाही, ते अवर सचिवांकडे पाहतात, ते कक्ष अधिकाऱ्यांकडे. कक्ष अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसेल, तर आपल्याला ओलांडून कुणीतरी वर जाऊन बोललं असा त्यांचा समज होतो, आणि तो दूर व्हायला महिने जातात. दोन मिनिटांत दिलेली माहिती हे सगळं टाळते. कॉरिडॉरमध्ये उतरंड क्षणभर बाजूला पडते, पण सकाळ-संध्याकाळ काम तिच्यातूनच करायचं असतं.

याच कारणासाठी कॉरिडॉरमध्ये आपण होऊन कामाचा विषय काढू नये, मग काम कितीही खरं असो. बदलीचा अर्ज, रखडलेली पदोन्नती, घरी आजारी आई: या गोष्टींना बसून ऐकणारा माणूस हवा, पुढ्यात कागद हवा. चालत्या माणसाला सांगितलेली अडचण त्याच्या लक्षात राहत नाही, आणि राहिली तर ‘वाटेत गाठून सांगणारा’ एवढंच राहतं. भेटीसाठी त्यांच्या स्वीय सहायकांकडे वेळ मागावी. कॉरिडॉरमध्ये दोन-तीनदा नीट नमस्कार केलेल्या माणसाला ती वेळ मागणं सोपं जातं, एवढा त्या नमस्काराचा उपयोग आहे. तेवढ्यासाठी मुद्दाम दालनाबाहेर घिरट्या घालणारे असतात, ते लगेच ओळखू येतात. एकाच माणसाची योगायोगानं आठवड्यात सहा वेळा गाठ पडत नसते.

वरिष्ठांबद्दलही लिहायला हवं, कारण नमस्काराला दोन टोकं असतात. अनेक थोर अधिकारी मी पाहिले ज्यांची मान कॉरिडॉरमध्ये सारखी हलत असे, सफाई कामगारापासून सहसचिवापर्यंत सगळ्यांसाठी सारखीच. काहींना मात्र उत्तर देणं हे पदाला कमीपणा आणणारं वाटतं. ते भिंतीकडे पाहत जातात. कनिष्ठ माणूस पुन्हा नमस्कार करायचं सोडून देतो, मग त्यांच्यासमोर यायचं टाळतो, आणि पुढं एखाद्या नस्तीत चूक दिसली तरी तोंडी सांगायला धजत नाही. कामाचं नुकसान इथून सुरू होतं, आणि ते कुठल्याच अहवालात दिसत नाही. ज्येष्ठानं पहिल्यांदा नमस्कार केला तर काही बिघडत नाही. समोरचं पोर गोंधळून सूचनाफलक वाचू लागलंच असेल, तर ‘काय, कसं चाललंय?’ एवढं त्यांनी म्हणावं आणि पुढं जावं.

शासकीय सेवेत नव्यानं येणाऱ्यांना पायाभूत प्रशिक्षण मिळतं. टिपणी कशी लिहावी, नस्ती कशी ठेवावी, वर्तणूक नियम काय सांगतात, हे शिकवलं जातं. त्या वेळापत्रकात या विषयाला अर्धा तास द्यावा, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, दोघादोघांना समोरासमोर चालायला लावून. आणि तो अर्धा तास घ्यायला एखाद्या सचिवांबरोबर एखादे जुने नाईकही बोलवावेत, अशी प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे.